दोन ‘फरक’, दोन एकके: फिकचे सूत्र आणि वायुकोशातील ऑक्सिजनचे समीकरण

कोल्हापुरात पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या वह्या मी गेली कित्येक वर्षे तपासत आहे, आणि दरवर्षी एकच गोंधळ नव्या हस्ताक्षरात माझ्यासमोर येतो. फिकच्या सूत्रात रोहिणी आणि शिरा यांच्यातील ऑक्सिजनचा फरक लागतो, तर वायुकोशाच्या समीकरणातून वायुकोश आणि रोहिणी यांच्यातील ऑक्सिजनचा फरक निघतो. दोन्हींना वर्गात नुसते ‘ऑक्सिजनचा फरक’ म्हटले जाते, आणि एकक न लिहिता उच्चारलेला हा शब्दप्रयोगच मला या साऱ्या घोटाळ्याचे मूळ वाटतो.

फिकचे सूत्र बहुतेकांना पाठ असते, म्हणून त्याची उजळणी थोडक्यात करतो. अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेला विचार हा साध्या हिशेबाचा आहे. फुप्फुसांतून दर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन रक्तात शिरतो, त्याला प्रत्येक लिटर रक्ताने उचललेल्या ऑक्सिजनने भागले, की दर मिनिटाला किती लिटर रक्त फुप्फुसांतून गेले ते कळते, आणि हाच कार्डियाक आउटपुट होय.

```
CO = VO2 / (CaO2 - CvO2)
PAO2 = FiO2 x (PB - 47) - PaCO2 / R
```

वरच्या ओळीत C आहे, खालच्या ओळीत P आहे. मोठा A म्हणजे वायुकोश आणि लहान a म्हणजे रोहिणी, हा भेद एकदा सांगितला की लक्षात राहतो. C आणि P यांचा भेद मात्र सांगूनही निसटतो, म्हणून लेखाची बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे.

C म्हणजे रक्तात प्रत्यक्ष किती ऑक्सिजन आहे, दर १०० मिली रक्तामागे किती मिली. तो बहुतांशी हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले की सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन धरते, आणि रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन दर मिलिमीटर दाबामागे अवघा ०.००३ मिली असतो. P म्हणजे आंशिक दाब, मिलिमीटर पाऱ्यात. तो फक्त विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो, आणि हिमोग्लोबिन किती आहे याची त्याला दखलच नसते.

फिकचे सूत्र हा मालाचा हिशेब असल्यामुळे तिथे माल मोजावा लागतो, म्हणजे C. वायुकोशात हिमोग्लोबिन नसते, तिथे फक्त हवा असते, आणि हवेतून रक्तात ऑक्सिजन जातो तो दाबाच्या उतारावरून. म्हणून वायुकोश आणि रोहिणी यांची तुलना दाबातच करावी लागते, म्हणजे P. दाबातील फरक आणि प्रमाणातील फरक यांचे नाते सरळ रेषेचे नसल्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालता येत नाही. दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला, म्हणजे ४० मिलिमीटरने कमी झाला, तरी सॅच्युरेशन जेमतेम आठ टक्क्यांनी घसरते. पुढे ६० वरून ३५ पर्यंत केवळ २५ मिलिमीटर उतरताना मात्र ते चोवीस-पंचवीस टक्क्यांनी कोसळते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. ते मी मुद्दाम असे निवडले आहे की त्यात चूक करणाऱ्यालाही आपण बरोबर आहोत असे वाटावे, कारण असेच एक उत्तर एका वहीत माझ्यासमोर आले होते आणि पायऱ्या न वाचता मी त्याला जवळजवळ पूर्ण गुण देऊन बसलो होतो.

बावन्न वर्षांचे एक रुग्ण आहेत, साध्या हवेत श्वास घेत आहेत, आणि त्यांचा ऑक्सिजनचा वापर प्रत्यक्ष मोजून मिनिटाला २४० मिली आला आहे. रोहिणीत ऑक्सिजनचा दाब ७६ आणि सॅच्युरेशन ९५ टक्के आहे. फुप्फुस-रोहिणीतून घेतलेल्या मिश्र शिरारक्तात दाब ३५ आणि सॅच्युरेशन ६५ टक्के आहे. हिमोग्लोबिन १० ग्रॅम आहे. रोहिणीतील प्रमाण १.३४ × १० × ०.९५ म्हणजे १२.७३, त्यात विरघळलेले ०.००३ × ७६ म्हणजे ०.२३, मिळून १२.९६ मिली. शिरारक्तातील प्रमाण १.३४ × १० × ०.६५ म्हणजे ८.७१, त्यात ०.११, मिळून ८.८२ मिली. फरक ४.१४ मिली दर १०० मिली रक्तामागे, म्हणजे लिटरमागे ४१.४ मिली. २४० ला ४१.४ ने भागले की ५.८ लिटर दर मिनिटाला मिळतात.

चुकणारा विद्यार्थी ७६ मधून ३५ वजा करतो, ४१ मिळवतो, २४० ला ४१ ने भागतो, आणि त्याचेही उत्तर ५.८५ लिटर येते. दोन्ही उत्तरे इतकी जवळ आहेत की पायऱ्या न तपासणाऱ्याला काहीच खटकणार नाही. पण मिलीला मिलिमीटर पाऱ्याने भागून लिटर येत नाहीत, आणि ही जुळणी निव्वळ योगायोगाची आहे, हे हिमोग्लोबिनचा एकच आकडा बदलला की उघड होते.

त्याच वयाच्या दुसऱ्या रुग्णाचे सगळे दाब, सगळी सॅच्युरेशन आणि ऑक्सिजनचा वापर तोच ठेवा, फक्त हिमोग्लोबिन १५ ग्रॅम करा. रोहिणीतील प्रमाण १९.३२ होते, शिरारक्तातील १३.१७, फरक ६.१५ मिली, म्हणजे लिटरमागे ६१.५. कार्डियाक आउटपुट ३.९ लिटर! दाब वजा करणाऱ्याचे उत्तर मात्र अजूनही ५.८५ लिटरच राहते, कारण त्याच्या गणितात हिमोग्लोबिन आलेलेच नाही. पहिल्या रुग्णाचे हृदय ठीक काम करते आहे आणि शिरारक्तातील सॅच्युरेशन खाली आहे ते रक्तक्षयामुळे. दुसऱ्याचे हिमोग्लोबिन उत्तम आहे, पण रक्त संथ वाहत असल्यामुळे ऊतींनी प्रत्येक लिटरमधून जास्त ऑक्सिजन ओढून घेतला आहे. दाब सारखे असूनही आजार वेगळे आहेत, आणि हा वेगळेपणा फक्त C मध्ये दिसतो.

याच दोघांना आता वायुकोशाचे समीकरण लावू. दोघांच्याही रोहिणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० आहे. या समीकरणात हिमोग्लोबिन येतच नाही, म्हणून दोघांचे उत्तर एकच येणार, आणि इथे ते तसेच यायला हवे. फुप्फुसाच्या पडद्याची परीक्षा घेताना रुग्णाला रक्तक्षय आहे की नाही हे विचारण्याचे कारण नसते.

वातावरणाचा दाब म्हणून पुस्तकात ७६० दिलेला असतो, आणि कोल्हापुरात बसून ७६० घालणे ही माझ्या लेखी छोटी चूक नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब सुमारे ७१२ मिलिमीटर असतो. ओलाव्याचे ४७ वजा केले की ६६५ उरतात, त्याचे २१ टक्के म्हणजे १४०. त्यातून ४० भागिले ०.८, म्हणजे ५०, वजा केले की वायुकोशातील दाब ९० येतो. रोहिणीत ७६ आहे, म्हणून फरक १४. वयाला ४ ने भागून त्यात ४ मिळवण्याच्या ढोबळ नियमाने बावन्नाव्या वर्षी १७ पर्यंतचा फरक चालतो, म्हणजे फुप्फुसे निर्दोष आहेत. ७६० धरले तर वायुकोशातील दाब १०० येतो, फरक २४ होतो, आणि निरोगी फुप्फुसांच्या माणसाला आपण कागदावर आजारी ठरवतो.

मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावरून दाब घेणाऱ्यांनीही सावध राहावे. तिथे दिसणारा १०१० च्या आसपासचा हेक्टोपास्कलचा आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. तो पाऱ्यात बदलला की पुन्हा ७५८ च मिळतात. फोनमध्ये स्वतःचा दाबमापक असेल तर तो कोल्हापुरात ९५० च्या जवळपास दाखवतो, आणि आपल्याला हवा तो आकडा हाच.

०.८ हा भागाकार कशासाठी, एवढे सांगतो. शरीर दर १०० मिली ऑक्सिजन वापरताना साधारण ८० मिली कार्बन डायऑक्साइड तयार करते, म्हणून वायुकोशात आलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून तेथून गेलेल्या ऑक्सिजनचा अंदाज करताना ८० चे १०० करावे लागतात. रुग्णाला शंभर टक्के ऑक्सिजन चालू असेल तर हा भागाकार करू नये, सरळ कार्बन डायऑक्साइडचा दाब वजा करावा.

फिकच्या बाजूला दोन ठिकाणी खरी घसरगुंडी आहे. पहिली म्हणजे १० ने गुणायचे विसरणे: २४० ला ४.१४ ने भागून ५८ येतात आणि ते लिटर म्हणून लिहिले जातात, वस्तुतः ते डेसिलिटर असतात. विश्रांतीत ५८ लिटर रक्त कोणतेच हृदय फेकत नाही, तेव्हा ही चूक स्वतःहून ओळखू येते. दुसरी चूक अशी ओळखू येत नाही. ऑक्सिजनचा वापर न मोजता शरीराच्या पृष्ठफळावरून, चौरस मीटरमागे १२५ मिली असा, गृहीत धरला जातो. तापाच्या रुग्णात खरा वापर २० टक्क्यांनी जास्त असला तर कार्डियाक आउटपुट सुमारे १७ टक्क्यांनी कमी दाखवला जातो, आणि उत्तर मात्र अगदी विश्वासार्ह दिसते. गृहीत वापरावरून काढलेल्या आकड्यापुढे ‘गृहीत’ असे न लिहिणे मला मान्य नाही. शिरारक्तही फुप्फुस-रोहिणीतूनच घ्यावे, कारण मानेतून आलेल्या एकाच महाशिरेचे रक्त साऱ्या शरीराचे प्रतिनिधी नसते.

सरावासाठी दोन गणिते देतो. पहिले: ऑक्सिजनचा वापर २५० मिली, हिमोग्लोबिन १३, रोहिणीतील सॅच्युरेशन ९८ आणि मिश्र शिरारक्तातील ५८ टक्के, विरघळलेला ऑक्सिजन सोडून द्या. दुसरे: चोवीस वर्षांचा तरुण, झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यामुळे कोल्हापुरातच दाखल, साध्या हवेत, रोहिणीत ऑक्सिजनचा दाब ५० आणि कार्बन डायऑक्साइडचा ६४. त्याची फुप्फुसे बिघडली आहेत काय?

पहिल्यात १.३४ × १३ म्हणजे १७.४२, त्याचे ४० टक्के ६.९७, लिटरमागे ६९.७ मिली, आणि कार्डियाक आउटपुट ३.६ लिटर. दुसऱ्यात १४० मधून ६४ भागिले ०.८, म्हणजे ८०, वजा केले की वायुकोशात ६० उरतात आणि फरक १० येतो, जो त्याच्या वयाला चालणाऱ्या मर्यादेतच आहे. फुप्फुसांचा पडदा चांगला आहे, श्वासच अपुरा आहे. ७६० धरणाऱ्याचा फरक २० येईल, आणि तो या तरुणाच्या छातीत नसलेला न्यूमोनिया शोधत बसेल.