चेहरा वगळून आत्मचित्र: सवयी, लकबी आणि दोषांच्या कवितेची पार्श्वभूमी

इसवी सनपूर्व 20च्या सुमारास रोमन कवी होरेसने आपल्या पद्यपत्रांचा पहिला संग्रह पुरा केला. त्यातले शेवटचे पत्र त्याने खुद्द त्या पुस्तकालाच लिहिले आहे. पुस्तक जगात मिरवायला उतावीळ झाले आहे आणि कवी त्याला बजावतो, की चार माणसे भोवती जमली की माझ्याबद्दल एवढे सांग: हा मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, याने घरट्याहून मोठे पंख पसरले, हा अंगाने लहानखुरा, अकाली केस पिकलेला, उन्हात बसायची आवड असलेला, चटकन रागावणारा पण लगेच निवळणारा, आणि याने आयुष्याचे 44 डिसेंबर पाहिले आहेत.

शब्दांतून स्वतःचे चित्र काढण्याचा हा एक जुना आणि फार नेमका नमुना आहे. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अंगकाठी, मग केस, मग ऊन, मग राग. उंची आणि पिकलेले केस कितीतरी माणसांना लागू पडतील. ऊन आवडणे ही गोष्ट मात्र शरीर आणि स्वभाव यांच्या बरोबर मध्ये उभी आहे. ती थंडी सहन न होणाऱ्या शरीराची खूण आहे आणि रोजची सवयही आहे. तिथून होरेस रागाकडे वळतो आणि रागाबरोबर त्याचे ओसरणेही सांगतो, त्यामुळे दोष स्थिर राहत नाही, वर चढतो आणि खाली येतो. केस आणि उंची खोडून टाकली तरी माणूस ओळखू येतो. ऊन आणि राग खोडला तर ओळखू येत नाही. पुढे कवींनी चेहरा हळूहळू बाजूला ठेवला, त्याचे कारण या दोन ओळींतच दिसते.

तरीही होरेसच्या चित्रात दोषाचे नावच येते. रागावून तो नेमके काय करतो, हे आपल्याला कळत नाही. त्याच्याही सुमारे सहाशे वर्षे आधी आर्किलोकस या ग्रीक कवीने नेमके तेच करून दाखवले होते. त्याच्या नावावरच्या एका कवितेच्या चार ओळी उरल्या आहेत. त्यांत बोलणारा सैनिक सांगतो, की माझी चांगली ढाल मी नाइलाजाने एका झुडपापाशी टाकून आलो. आता शत्रूच्या टोळीतला कुणीतरी ती मिरवत असेल. पण मी जीव वाचवला. ढाल गेली तर गेली, तितकीच चांगली दुसरी घेईन. ढाल टाकून परतणे ही ग्रीक योद्ध्याला मोठी नाचक्की होती. पण ‘मी भित्रा आहे’ असे वाक्य त्या चार ओळींत कुठेही नाही. झुडूप आहे, ढाल आहे, ती मिरवणारा परका माणूस आहे आणि शेवटी खांदे उडवल्यासारखा एक उद्गार आहे. या कवितेतला ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष आर्किलोकसच, की त्याने घेतलेली एक भूमिका, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो, कारण दोषांतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आत्मचित्रात थोडी भूमिका असतेच. कवी स्वतःचे कोणते कृत्य उजेडात आणायचे ते निवडतो, आणि निवड झाली की पात्र तयार होऊ लागते.

कृत्यांतून स्वभाव दाखवण्याची रीतसर पद्धत आली ती इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस, तीही कवीकडून नव्हे. ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्या विद्यापीठाचा पुढचा प्रमुख थिओफ्रास्टस याने माणसांच्या 30 प्रकारांची छोटी छोटी शब्दचित्रे लिहिली. आधी दोषाची एका वाक्यात व्याख्या, आणि मग ‘हा असा माणूस, की जो…’ अशी सुरुवात करून एकामागून एक कृत्ये. त्याच्या मंद माणसाचे एक कृत्य असे: तो खडे मांडून हिशेब करतो, बेरीज करतो आणि मग शेजारी बसलेल्याला विचारतो, ‘किती झाले?’ या माणसाचे नाक कसे, रंग कसा, याबद्दल अक्षरही नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. आज सवयींतून आत्मचित्र लिहिणारा कवी जाणता-अजाणता हेच साधन वापरतो. फरक इतकाच, की थिओफ्रास्टसने ते दुसऱ्यांवर चालवले, आणि व्याख्याही वर ठेवली. व्याख्या काढून टाकून उरलेली कृत्ये स्वतःवर वळवणे, हे पुढचे काम होते.

ते काम सतराव्या शतकात दोन अगदी वेगळ्या ठिकाणी झालेले दिसते. फ्रान्समधल्या उच्चभ्रू बैठकांत तेव्हा शब्दचित्रे लिहिण्याची लाट आली होती. ही चित्रे बहुतेक गद्यात असत आणि त्यांचा साचा ठरलेला असे: आधी देह, मग बुद्धी, मग मन. ला रोशफुको या फ्रेंच लेखकाचे 1659 साली छापलेले आत्मचित्र याच साच्यातले आहे. तो उंची, रंग, कपाळ, डोळे असे क्रमाने सांगत जातो. नाकापाशी येऊन अडतो. ते चपटे नाही, बाकदार नाही, जाड नाही, टोकदारही नाही, निदान मला तसे वाटते, असे म्हणतो. मग हनुवटीची पाळी येते. ती जरा जास्तच मोठी आहे असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. तो लिहितो, की आत्ताच मी ती चाचपून पाहिली, आरशातही पाहिली, पण काय म्हणावे ते मला नीट ठरवता येत नाही.

सगळ्या वर्णनात माझ्या मते हीच जागा सर्वांत जिवंत आहे. हनुवटी कशी होती ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पण लिहिता लिहिता थांबून हनुवटी चाचपणारा, आरशासमोर जाणारा आणि निर्णय न घेता परत येणारा माणूस आपल्याला दिसतो. देहाचे वर्णन हरते तिथे लकब चित्र पुरे करते. बोलताना आपण हातवारे जरा जास्तच करतो, हेही तो पुढे नोंदवतो. याच चित्रात या प्रकाराचा सर्वांत मोठा धोकाही सापडतो. तो म्हणतो, की माझ्यापाशी बुद्धी आहे, पण उदासपणाने ती बिघडवली आहे. हा दोष सांगतानाच बुद्धीची पावती घेऊन झाली. ‘मला नाही म्हणता येत नाही’, ‘मी फार हळवा आहे’, ‘मी तोंडावर बोलतो’ हे सगळे त्याच जातीचे दोष. त्यांची परीक्षा सोपी आहे. तो दोष ऐकून समोरच्याला आपल्याविषयी थोडे जास्तच बरे वाटणार असेल, तर ती कबुली नव्हे.

त्याच शतकात, 1650 पूर्वी, तुकारामांनी आपल्या आयुष्याची हकिगत सांगणारा अभंग रचला. संतकवितेत स्वतःला पतित, पापी म्हणण्याची परंपरा जुनी आहे. पण त्या शब्दांत एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा दिसत नाही. ते सर्वांचे आणि म्हणून कुणाचेच चित्र नाही. ‘याती शूद्र वंश’ या अभंगात मात्र दुष्काळ येतो, धंदा बसतो, पत्नी ‘अन्न अन्न’ करत जाते, आणि मग दोन बारीक गोष्टी येतात. आरंभी कीर्तन करत होतो, पण अभ्यासात चित्त नव्हते, ही एक. आणि पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागे धरत होतो, ही दुसरी. पहिला दोष नेमका आहे. त्यातून कुठलाही मोठेपणा मिळत नाही. दुसरी तर देहाची जागाच दाखवते: पुढे उभा राहून गाणारा वेगळा, मागे उभा राहून ओळ उचलणारा हा. तुकाराम कसे दिसत होते हे अभंगात कुठेच नाही. ते कुठे उभे राहत होते, एवढे आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रकारात आणखी एक युक्ती रुळली, ती म्हणजे स्वतःला ‘तो’ म्हणणे. एडवर्ड लिअर या इंग्रज कवीने उतारवयात स्वतःवर एक कविता लिहिली. तिच्यात मोठे नाक आणि दाढी आहे, पण समुद्रकाठी आणि डोंगरमाथ्यावर रडणेही आहे, आणि स्पॅनिश वाचता येते पण बोलता येत नाही हेही आहे. ‘मी रडतो’ म्हटले की वाचक सहानुभूती देऊ लागतो. ‘तो रडतो’ म्हटले की तो आधी पाहतो. विसाव्या शतकात विस्वावा शिम्बोर्स्का या पोलिश कवयित्रीने ‘मला अमुक जास्त आवडते’ एवढ्याच साच्यावर एक अख्खी कविता उभी केली. तिथे चेहरा पूर्ण गेला आहे आणि चित्र फक्त आवडीनिवडींचे उरले आहे.

हा सगळा वारसा एका मसुद्यावर लावून पाहू. समजा, कुणी लिहिले: ‘मी अधीर आहे, कुणाचे ऐकून घेत नाही.’ ही थिओफ्रास्टसची व्याख्या झाली, चित्र अजून यायचे आहे. व्याख्या खोडून तिच्याखालचे कृत्य शोधले, तर असे काही मिळते:

समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं
की मीच पुरं करून टाकतो.
बहुतेक वेळा बरोबर.
चुकलं, तर मान हलवतो,
जणू चूक त्याची.

‘बहुतेक वेळा बरोबर’ या ओळीत बढाई आहे, पण ती बोलणाऱ्याच्या नकळत निसटलेली आहे, म्हणून राहू द्यावी. मान हलवणे ही लकब. तिच्यामुळे अधीरपणाखाली दडलेला दुसरा, जास्त लाजिरवाणा दोष वर येतो: चूक दुसऱ्याच्या पदरात टाकणे. इथे थांबले तर कविता चुटका होऊन बसेल, कारण दोषाची किंमत अजून कुणीच मोजलेली नाही. किंमत मोजणारे माणूस आत आणावे लागते:

फोनवर आई सावकाश बोलते.
मी ‘हं, हं’ म्हणत
ऐकून टाकतो तेही,
जे तिने अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही तुकड्यांत दोष एकच आहे, पण पहिल्यात तो चतुराई वाटतो आणि दुसऱ्यात नुकसान. अशा कविता फसतात त्या बहुधा याच जागी. लिहिणारा दुसऱ्या तुकड्याऐवजी दुसरी सवय आणतो, मग तिसरी: नखे खाणे, पुस्तक शेवटाकडून वाचणे, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणे. यादी वाढते, माणूस गोळा होत नाही. शिम्बोर्स्काची यादी टिकते, कारण तिच्या निवडींत आतून एक सुसंगत कल दिसत राहतो. तसा कल नसेल, तर एकच दोष दोन वेगळ्या माणसांसमोर ठेवून पाहणे अधिक फळते.

मसुद्याच्या शेवटी बहुतेकांना आणखी एक ओळ लिहावीशी वाटते, ‘आता ऐकायला शिकेन’ अशा अर्थाची. ती लिहिली की बोलणारा आईच्या फोनवरून उठतो आणि वाचकाकडे वळून माफी मागू लागतो. ढाल टाकून आलेल्या सैनिकाने ती मागितली नव्हती. वरच्या मसुद्यातही ती ओळ नको, आणि ‘मी अधीर आहे’ हे पहिले वाक्यही शीर्षकात परत येऊ देऊ नये.