९८२२ म्हणजे आयडिया, हे आता का चालत नाही

दहा अंकी मोबाइल नंबरचे पहिले चार अंक म्हणजे त्याची सिरीज. उरलेल्या सहा अंकांत दहा लाख नंबर बसतात, आणि दूरसंचार विभाग असा गठ्ठाच एखाद्या कंपनीला एखाद्या सर्कलसाठी देतो. (पुढे काही गठ्ठे पाच अंकांवर, म्हणजे लाख-लाख नंबरांचेही दिले गेले, तिथे चार अंक पाहून फसगत होते.) ९८२२ आयडियाची, ९४२२ बीएसएनएलची, दोन्ही महाराष्ट्र सर्कलच्या. सर्कल म्हणजे राज्य नव्हे. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई येत नाही; तिचं सर्कल वेगळं, आणि ठाणे व नवी मुंबई त्यातच मोडतात. म्हणून ९८२० हा जुना मुंबईचा नंबर ठरतो, महाराष्ट्र सर्कलचा नाही.

ही ओळख दोन टप्प्यांत ढिली झाली. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पण सर्कलच्या आतच. त्यामुळे कंपनीचा अंदाज चुकू लागला, तरी प्रदेशाचा बरोबर येई. ३ जुलै २०१५ पासून सर्कलही ओलांडता येऊ लागलं आणि तोही आधार गेला.

समजा, पुण्यातल्या एकीने ९८२२चा नंबर घेतला, नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिथे एअरटेलकडे पोर्ट केला. त्यासाठी PORT, एक जागा सोडून स्वतःचा नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. आलेला आठ अक्षरी कोड नव्या कंपनीला द्यायचा. अंक तेच राहिले. आता तिला कोणी फोन लावला, तर फोन लावणाऱ्याची कंपनी ९८२२ बघून कॉल पाठवत नाही. पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत ती आधी शोधते, तिथून एलआरएन नावाचा मार्गाचा कोड मिळतो, तो नंबरच्या सुरुवातीला जोडला जातो आणि कॉल थेट कर्नाटकातल्या एअरटेलकडे जातो. हा कोड फक्त यंत्रणेत असतो. आपल्या पडद्यावर तो कधीच येत नाही, म्हणून नुसत्या अंकांवरून पोर्टिंग ओळखणं अशक्यच आहे.

इंटरनेटवरच्या सिरीजच्या याद्या मात्र मूळ वाटप दाखवतात. त्यांत २०१८ मध्ये बंद पडलेली एअरसेलही सापडते, आणि त्याच वर्षी व्होडाफोनशी एक झालेली आयडियाही स्वतंत्र दिसते. सध्याची कंपनी जाणून घ्यायची तर त्या नंबरधारकालाच विचारावं. रिचार्ज करताना अॅपने आपोआप भरलेलं कंपनीचं आणि सर्कलचं नाव तपासून घ्यावं, कारण नुकत्याच पोर्ट झालेल्या नंबरवर तिथेही जुनंच नाव राहू शकतं.

सिरीजला अर्थ उरतो तो एका ठिकाणी: पोर्ट केलेला नंबर कायमचा बंद झाला, की तो शेवटच्या कंपनीकडे राहत नाही, ज्या कंपनीला ती सिरीज मिळाली होती तिच्याकडे परत जातो.