गायकनिश्चिती (चित्रपटगीते)

गायकनिश्चिती (चित्रपटगीते) : एखादे ध्वनिमुद्रित गाणे नेमक्या कोणाच्या आवाजात आहे हे पुराव्यांनी ठरवणे. हिंदी व मराठी चित्रपटसंगीतात हा प्रश्न मुख्यतः सारख्या भासणाऱ्या आवाजांमुळे आणि युगुलगीतांच्या अपुऱ्या श्रेयांमुळे उद्भवतो. लता मंगेशकर व सुमन कल्याणपूर यांच्या आवाजांबद्दलचा गोंधळ हे त्याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण होय.

पार्श्वगायनाच्या आरंभीच्या काळात तबकडीवर गायकाऐवजी पात्राचे नाव छापले जाई. ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर ‘कामिनी’ असे, मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी गायिकेबद्दल आकाशवाणीकडे विचारणा केल्यावर कंपनीकडून लता मंगेशकरांचे नाव मिळवून ते जाहीर करण्यात आले, असे सांगितले जाते. त्यामुळे त्या काळापर्यंतच्या लेबलावरचे नाव गायकाचे की पात्राचे, हे आधी तपासावे लागते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीचा उपयोगही मर्यादित आहे. तिथे सगळ्या गायकांची नावे एकत्र येतात. कोणते गाणे कोणाचे, हे त्यातून कळत नाही.

लता-सुमन प्रश्नाचे मूळ केवळ स्वरसाम्यात नाही. साठच्या दशकात मानधनाच्या (रॉयल्टीच्या) वादावरून लता मंगेशकर व महंमद रफी काही वर्षे एकत्र गायले नाहीत. या दुराव्याचा आरंभ कोणी १९६१, तर कोणी १९६३ च्या सुमारास धरतात. शेवट बहुधा १९६७ च्या आसपास झाला असावा. या काळात रफींसोबतची अनेक युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. त्यामुळे ‘रफींसोबतचे त्या वर्षांतले युगुलगीत असेल तर आवाज सुमनताईंचा’ असा ठोकताळा रूढ झाला. दिशा दाखवायला तो बरा आहे, पण निर्णयाला पुरेसा नाही. आशा भोसले यांनीही त्या काळात रफींसोबत पुष्कळ गायले. शिवाय समेट झाल्यानंतरच्या ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ हे गाणे सुमन कल्याणपूर यांचेच आहे. म्हणून केवळ सालावरून निष्कर्ष काढणाऱ्यांपेक्षा प्रत्येक गाण्याच्या तबकडीचे लेबल पाहणाऱ्या संग्राहकांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘जब जब फूल खिले’ (१९६५) या चित्रपटात हा गोंधळ जवळून पाहता येतो. पडद्यावर नायिका एकच, नंदा. संगीतकारही तेच, कल्याणजी-आनंदजी. तरी ‘ये समाँ’ हे एकलगीत लता मंगेशकरांचे, तर ‘ना ना करते प्यार’ हे रफींसोबतचे युगुलगीत सुमन कल्याणपूर यांचे आहे. एका नायिकेला संपूर्ण चित्रपटात एकच आवाज असतो, असे गृहीत धरणारा श्रोता इथे हमखास फसतो. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. लताबाईंचा स्वर टोकदार लागतो आणि अक्षराच्या आरंभीच नेमका बसतो; सुमनताईंचा स्वर किंचित मऊ आहे आणि शब्दाच्या शेवटी तो हलकेच सुटतो. हा फरक मध्य सप्तकात स्पष्ट जाणवतो, तार सप्तकात मात्र पुसट होतो. त्यामुळे उंच तानेवरून निर्णय देऊ नये. दोघींनी एकत्र गायलेले ‘चाँद’ (१९५९) मधील ‘कभी आज कभी कल कभी परसों’ हे गाणे कान तयार करण्यासाठी विशेष उपयोगी पडते.

ऐकून ठरवताना प्रतीचा वेग आधी तपासणे आवश्यक असते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजवली, तर स्वर पाव स्वराच्या आसपास चढतो आणि आवाज बारीक होतो. २०० सेकंदांचे गाणे १९५ सेकंदांत संपते. अशा प्रतीत मऊ आवाजही टोकदार भासू शकतो. युगुलगीतात यावर सोपा उपाय आहे : पुरुषस्वराकडे लक्ष द्यावे. रफींचा परिचित आवाजही नेहमीपेक्षा बारीक वाटला, तर दोष प्रतीत आहे आणि स्त्रीस्वराबद्दलचा निर्णय दुसरी प्रत मिळेपर्यंत थांबवावा.

चित्रपटातील प्रत व तबकडीवरील प्रत वेगळ्या गायकांची असण्याचा प्रकारही आढळतो. ‘किस्मत’ (१९४३) मधील ‘धीरे धीरे आ रे बादल’ या गाण्यात अमीरबाई कर्नाटकींसोबत चित्रपटात अशोककुमार, तर तबकडीवर अरुणकुमार यांचा आवाज असल्याचे अभ्यासक नोंदवतात. अशा वेळी दोन परस्परविरोधी नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. गायकाच्या नावापुढे प्रत कोणती ते लिहिले, तरच ती नोंद उपयोगाची ठरते.

मराठीत सुमन कल्याणपूर यांची ‘केतकीच्या बनी’सारखी भावगीते त्यांच्या नावानेच घराघरांत पोचली, त्यामुळे मराठी श्रोत्याला त्यांचा आवाज ओळखण्यासाठी हाताशी खात्रीचा नमुना असतो. समूहस्वरांबाबत मात्र लेबलावर बहुधा ‘आणि साथी’ एवढेच छापलेले असते. मध्येच एखादी ओळ स्वतंत्रपणे गाणारा आवाज कोणाचा, याचा लेखी पुरावा तिथे सहसा उरत नाही.