माला-एन सुरू करण्याआधी बीपी: कोणी तपासायचं, कोणती कागदं न्यायची, बीपी वाढलं तर काय करायचं

माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात मोफत मिळते, माला-डी मेडिकलमध्ये. दोन्हींत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने काही बायकांचं बीपी चढतं. चढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवत नाही, म्हणून ते मोजूनच कळतं. पहिलं पाकीट घेण्याआधी प्रत्येकीने बीपी मोजून घ्यावं.

पस्तिशी उलटलेल्या, आधी बीपीचा त्रास असलेल्या, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्या आणि गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांनी तर मोजल्याशिवाय सुरूच करू नये. पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट ओढणारीने ही गोळी टाळावी, मग बीपी नॉर्मल असलं तरी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि अंगावर पीत असेल तरीही ही गोळी नको.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या. गरोदरपणात दर तपासणीला नोंदवलेलं बीपी त्यावर असतं आणि तोंडी सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. चालू औषधांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटंही चालतील. नवऱ्याची सही लागत नाही. कोणी मागितली तर तसं स्पष्ट सांगा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, लघवीला जाऊन या, घट्ट बाही वर सरकवून तिच्यावर पट्टा बांधू देऊ नका. उन्हातून चालत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा फसवा येतो.

आता एक उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांची बाई, सुरुवातीला बीपी 122/78. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी मोजलं तर 146/94. सिस्टरने थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, 144/92. एका दिवसाच्या आकड्यावर बीपीचा आजार ठरत नाही, म्हणून तिला आठवड्याने बोलावलं. तेव्हाही 148/92. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 गाठत असेल तर ही गोळी सहसा पुढे देत नाहीत. डॉक्टरांनी गोळी बंद करून त्याच दिवशी तांबी बसवली. तांबीत हार्मोन नसतं, बीपीवर तिचा परिणाम होत नाही. तांबी नको असेल तर छाया गोळीबद्दल विचारा, तिच्यातही इस्ट्रोजेन नाही. दुसरं साधन मिळेपर्यंत निरोध वापरा. आकडा पाहून घाबरून गोळी सोडायची आणि हाताशी काहीच नाही, यातूनच नको असलेलं गरोदरपण येतं. गरोदरपणात बीपीचा धोका गोळीपेक्षा मोठा.

गोळीने चढलेलं बीपी गोळी बंद केल्यावर साधारण तीन महिन्यांत उतरतं. तोवर मोजत राहा. उतरलं नाही तर कारण वेगळं आहे, त्याचे उपचार घ्यावे लागतात.

160/100 किंवा त्याहून जास्त आलं तर आठवडाभर थांबू नका, गोळी तिथेच बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, धाप, एका पोटरीला सूज किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणं, यातलं काहीही झालं तर आकडा न बघता १०८ ला फोन करा.