हेडलाइटच्या वायरीतून गेलेली गाडी

एप्रिल २०२२. लंडनमध्ये राहणाऱ्या इयन टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही४चा पुढचा बंपर कुणीतरी ओढून सैल केला होता आणि हेडलाइटची वायर उपसली होती. उनाड पोरांचे उद्योग असतील, असं त्यांना वाटलं. जुलैमध्ये पुन्हा तेच झालं आणि लगेचच गाडीच नाहीशी झाली. चोरांचं दुर्दैव असं, की टेबर हे वाहनांच्या सुरक्षेवरच काम करणारे संशोधक! गाडीने टोयोटाच्या सर्व्हरला पाठवलेल्या बिघाडांच्या नोंदी त्यांनी उघडल्या. हेडलाइटशी संपर्क तुटल्याची नोंद होतीच; शिवाय गाडीतल्या इतर अनेक संगणकांनीही तशाच तक्रारी नोंदवल्या होत्या. चोर दिव्याच्या मागे नव्हता, दिव्यामागच्या तारांच्या मागे होता.

गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात. ते एकमेकांशी बोलतात ते कॅन बस नावाच्या, पीळ दिलेल्या दोन तारांवरून. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्यावरचा साधा संदेश जास्तीत जास्त आठ बाइटचा असतो, आणि त्याच्या डोक्यावर एक क्रमांक असतो. हा क्रमांक ‘काय’ ते सांगतो: हा चाकांचा वेग, हे इंजिनाचं तापमान. ‘कोण बोलतंय’ हे सांगायला मात्र जागाच नाही. संदेश सगळ्यांना ऐकू जातो आणि ज्याला हवा तो उचलतो. संदेशाच्या शेवटी चूक पकडणारी बेरीज असते, पण ती इंजिनाच्या विद्युत गोंगाटात एखादा बिट उलटला तर कळावं म्हणून. खोटं बोलणारासुद्धा ही बेरीज बरोबरच लिहितो. त्या काळच्या अभियंत्यांना मी दोष देणार नाही. बॉनेटखाली बंद असलेल्या तारांना शत्रू म्हणजे गोंगाट, एवढंच तेव्हा खरं होतं.

टेबर यांनी चोरांकडे असतं तसं एक उपकरण विकत घेतलं आणि केन टिंडेल या कॅन-तज्ज्ञाबरोबर ते उकललं. बाहेरून तो साधा ब्लूटूथ स्पीकर होता. हेडलाइटच्या प्लगमध्ये जोडला की तो सेकंदाला सुमारे वीस वेळा सांगत राहतो: ‘चावी तपासली, खरी आहे.’ हेडलाइट आणि चावी ओळखणारा संगणक एकाच बसवर होते. त्यामुळे हे वाक्य तिथे अगदी ओळखीचं वाटत होतं.

खरा संगणक गप्प कसा राहिला? कॅनवर शून्य हा एकावर मात करतो. उपकरणातलं जादा सर्किट याच गुणधर्माचा गैरफायदा घेऊन त्या बसवरच्या इतरांना बोलूच देत नाही. मग स्पीकरचं ‘प्ले’ बटण दाबलं, की दारांना उघडण्याचा आदेश जातो.

इंजिन मात्र दुसऱ्या बसवर होतं आणि मध्ये गेटवे होता. गेटवे म्हणजे चौकीदार: कुठल्या बसवरून कुठला क्रमांक पलीकडे जाऊ द्यायचा, याची यादी त्याच्याकडे असते. मनोरंजनाच्या पडद्यातून ब्रेकचा आदेश येऊ लागला, तर तो अडवू शकतो. पण इथे क्रमांक यादीतला होता आणि आलाही ठरलेल्या बसवरूनच. चौकीदाराने खोटी बातमी इमानेइतबारे इंजिनापर्यंत पोचवली. हेडलाइट वेगळ्या बसवर असते, तर ‘चावीची बातमी दिव्याच्या बाजूने कशी?’ म्हणून तो ती टाकून देऊ शकला असता. बाहेरून हात पोचेल अशी प्रत्येक तार परकी मानायची आणि गेटवेच्या बाहेर ठेवायची, हा त्यातला धडा. त्यासाठी तारा वाढतात, खर्चही वाढतो.

दुसरा उपाय संदेशालाच मोहोर लावण्याचा. पाठवणारा आणि घेणारा यांच्याकडे एकच गुप्त संख्या असते, तिला किल्ली म्हणतात. मजकूर आणि वाढत जाणारा मोजणी-आकडा त्या किल्लीने घुसळून मोहोर तयार होते. आकडा दर वेळी बदलत असल्यामुळे काल टिपून ठेवलेला खरा संदेश आज पुन्हा वाजवला तरी चालत नाही. अडचण जागेची. पूर्ण मोहोर १६ बाइटची आणि संदेश आठचा! म्हणून प्रचलित पद्धतीत मोहोरेचे २४ बिट आणि आकड्याचे शेवटचे ८ बिट एवढंच पाठवतात; मजकुराला चार बाइट उरतात.

२४ बिट पुरतात का? शक्यता सुमारे १ कोटी ६८ लाख. सेकंदाला वीस अंदाज मारले, तर तेवढे प्रयत्न व्हायला जवळपास दहा दिवस लागतील. पण सेकंदाला ५ लाख बिट वाहणारी अख्खी बस ताब्यात घेतली, तर सेकंदाला चारेक हजार संदेश जातात आणि काम सत्तर मिनिटांवर येतं. म्हणून घेणाऱ्याने चुकलेल्या मोहोरा मोजून ठराविक संख्येनंतर तो संदेश स्वीकारणंच थांबवायला हवं. ६४ बाइट वाहणाऱ्या कॅन-एफडीवर मोहोर लांब ठेवता येते आणि हा प्रश्न मागे पडतो.

बस गप्प करणारं ते सर्किट मोहोरेला जुमानत नाही. दिवा बंद पाडणं, गाडी अडवणं त्याला अजूनही जमेल. फक्त ‘चावी खरी आहे’ हे त्याला म्हणता येणार नाही. आणि किल्ली प्रत्येक गाडीची वेगळी हवी, नाहीतर भंगारातल्या एका सुट्या भागातून ती काढणाऱ्याला त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या खुल्या. याची झळ गॅरेजलाही बसते: असा संगणक बदलला, की नुसता प्लग लावून भागत नाही, त्याला त्या गाडीची किल्ली सुरक्षितपणे द्यावी लागते. ती मिळेपर्यंत नवा भाग बोलतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही.