स्पीड टेस्ट : निकाल वेगवेगळे का येतात आणि घरी तुलना कशी करावी

स्पीड टेस्टमध्ये घरातला लॅपटॉप किंवा मोबाइल आणि इंटरनेटवरचा एक ठरावीक सर्व्हर यांच्यात काही सेकंद डेटा पाठवून वेग मोजला जातो. हाती येणारा आकडा त्या एका वाटेचा असतो. सर्व्हर बदलला की वाट बदलते, म्हणून ठाण्यातल्या एकाच घरात, एकाच वेळी दोन साइटवर दोन आकडे दिसतात आणि दोन्ही खरे असू शकतात.

सर्व्हर कोणाचा आणि कुठे ठेवलेला, यावर पुष्कळ अवलंबून असते. speedtest.net आपोआप जवळचा, कमी पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला कमी वेळ लागणारा, सर्व्हर निवडते, आणि तो बऱ्याचदा इंटरनेट कंपनीच्याच जाळ्यात असतो. तिथला आकडा घर ते कंपनी एवढ्याच टप्प्याची खात्री देतो. fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून डेटा घेते. तेही अनेकदा कंपनीच्या आतच बसवलेले असतात. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या एम-लॅब या खुल्या प्रकल्पाची चाचणी मात्र मुद्दाम कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि एकाच कनेक्शनवर, म्हणजे सर्व्हरशी उघडलेल्या डेटाच्या एकाच धाग्यावर, मोजते. तिचा आकडा कमी आला म्हणून ती चुकीची ठरत नाही. ती अधिक लांबची वाट मोजते.

कनेक्शनची संख्या हे दुसरे मोठे कारण, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. पाठवणारा सर्व्हर 'पोहोचले' असा निरोप येईपर्यंत ठरावीक डेटाच पुढे सोडतो. ही मर्यादा १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट, आहे असे समजा. घोडबंदर रोडवरच्या घरातून मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग ४ मिलिसेकंद असेल, तर एका कनेक्शनची कमाल मर्यादा ८ भागिले ०.००४, म्हणजे २००० एमबीपीएस. २०० एमबीपीएसच्या प्लॅनला तिची आडकाठी नाही. तोच सर्व्हर सिंगापूरला असून पिंग ६० मिलिसेकंद असेल, तर ८ भागिले ०.०६, म्हणजे सुमारे १३३ एमबीपीएस. लाइन तीच, प्लॅन तोच, तरी एक कनेक्शन १३३च्या वर जाणार नाही. चार कनेक्शन एकदम उघडली, तर त्यांची बेरीज पुन्हा २०० पर्यंत पोहोचू शकते. प्रत्यक्षात ही मर्यादा बदलत राहते, आणि वाटेत डेटाचा एखादा तुकडा, म्हणजे पॅकेट, गळाला तर लांबच्या कनेक्शनला वेग सावरायला जास्त वेळ लागतो. दहा सेकंदांच्या चाचणीत तो वेळ थेट आकड्यातून वजा होतो.

म्हणून तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडावा. वायफायवर भिंती आणि शेजारच्या फ्लॅटमधले राउटर आकड्यात मिसळतात, आणि मग आपण सर्व्हर मोजतोय की बेडरूमची भिंत, हेच कळत नाही. केबलवर आकडा सतत ९४च्या आसपास अडकला, तर पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसवरच चालते आहे, असा दाट संशय घ्यावा. व्हीपीएन, टीव्ही आणि मोबाइलचे बॅकअप बंद ठेवावेत.

मग सर्व्हर स्वतः निवडावा. speedtest.net चालवणाऱ्या ऊकला कंपनीचे कमांड लाइन ॲप असेल तर पहिल्या ओळीने जवळच्या सर्व्हरची यादी मिळते. दुसऱ्या ओळीत 12345च्या जागी त्यातला क्रमांक लिहावा:

```
speedtest -L
speedtest -s 12345
```

speedtest.net वर एक किंवा अनेक कनेक्शन निवडता येतात, fast.com च्या सेटिंगमध्ये समांतर कनेक्शनची किमान आणि कमाल संख्या ठरवता येते. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवावी. एका साइटवर सलग पाच आणि मग दुसऱ्यावर पाच, असे करू नये, कारण मधल्या काळात लाइनवरची गर्दी बदलते. आलटूनपालटून घ्यावे आणि प्रत्येकीचे निकाल चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरावा. सर्वांत मोठा आकडा धरण्याचा मोह होतो, पण तो फक्त एका चांगल्या क्षणाचा असतो. मर्यादित डेटाच्या प्लॅनवर जपून: २०० एमबीपीएसने दहा सेकंद डाउनलोड म्हणजे सुमारे २५० मेगाबाइट खर्च.

हाच क्रम पहाटे आणि रात्री नऊनंतर करावा. समजा ऐरोलीतल्या एका घरात पहाटे कंपनीच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही सर्व्हरवर १९० आले. रात्री आतला १८५ आणि बाहेरचा ६० आला. मग घरापर्यंतची लाइन ठीक आहे आणि अडचण कंपनीच्या बाहेरच्या वाटेवर आहे. रात्री दोन्ही ६० वर आले, तर गर्दी बहुधा इमारत किंवा परिसराच्या टप्प्यावर आहे. तक्रार करताना सर्व्हरचे नाव, वेळ, कनेक्शनची संख्या आणि केबलवर मोजल्याचा उल्लेख द्यावा; नुसता आकडा सांगितला की 'वायफायमुळे होतं' असे उत्तर मिळायला वाव राहतो.