आरोग्य विमा प्रतिपूर्ती दाव्याची कागदपत्रे

भारतात रुग्णाने रुग्णालयाचे बिल आधी स्वतः भरून नंतर विमा कंपनीकडून ती रक्कम परत मागितली, की त्याला प्रतिपूर्ती दावा किंवा बोलीभाषेत रीइंबर्समेंट क्लेम म्हणतात. रुग्णालय कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यात नसले किंवा कॅशलेसची, म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याची, विनंती नाकारली गेली तर हाच मार्ग उरतो. दाव्याची तपासणी कंपनी स्वतः करते किंवा तिने नेमलेली टीपीए, म्हणजे त्रयस्थ प्रशासक संस्था, करते. तपासणारी व्यक्ती रुग्णाला भेटलेली नसते आणि समोरच्या कागदांवरूनच निर्णय घेते.

कागदपत्रांची यादी कंपनीगणिक थोडी बदलते, पण तिचा गाभा सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. विमा नियामकाच्या आदेशाने २०२० पासून विकल्या जाणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीच्या मजकुरात ही यादी आढळते. त्यात भरलेला दावा अर्ज, ओळखीचा पुरावा, भरती होण्याचा डॉक्टरांचा सल्ला, तपशीलवार मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल व त्यांसाठीच्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रियेची नोंद, बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश यांचा समावेश होतो. दावा अर्जाचे दोन भाग असतात. पहिला विमाधारक भरतो. दुसरा रुग्णालयाने भरून त्यावर सही-शिक्का द्यायचा असतो. हा दुसरा भाग घरी गेल्यावर मिळवणे फार जिकिरीचे होते, म्हणून कोरा अर्ज भरतीच्या वेळीच रुग्णालयाच्या विमा विभागाकडे देणे सोयीचे ठरते.

या सर्वांत निर्णायक कागद डिस्चार्ज समरी हा होय. त्यात निदान, भरती व सुटीची तारीख, केलेले उपचार आणि रुग्णाचा पूर्वेतिहास असतो, आणि बाकीचा प्रत्येक कागद तिच्याशी ताडून पाहिला जातो. घाईत लिहिलेल्या समरीत रक्तदाब ‘५ महिन्यांपासून’ ऐवजी ‘५ वर्षांपासून’ असे पडले आणि पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची असेल, तर हा आजार विमा घेताना लपवला होता का, असा प्रश्न उभा राहतो आणि एका शब्दापायी दावा अडकतो. म्हणून समरी हातात पडताच नाव, वय, तारखा आणि पूर्वेतिहास वाचून पाहावा. चूक आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्ती करून घ्यावी. ही दुरुस्ती भरतीच्या काळातील मूळ केस पेपरशी जुळली पाहिजे, कारण शंका आल्यास कंपनी ते केस पेपर मागवते आणि त्यांत वेगळी नोंद असली तर दुरुस्ती संशयास्पद ठरते.

बिलांच्या बाबतीत एक साधी कसोटी लावता येते. प्रत्येक रकमेमागे तीन गोष्टी हव्यात: तो खर्च सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी, त्या खर्चाचे बिल आणि पैसे भरल्याची पावती. तपासणी असेल तर चौथा कागद म्हणजे तिचा अहवाल. यांपैकी एखादा दुवा तुटला, की नेमकी तेवढीच रक्कम कापली जाते किंवा तिच्याविषयी विचारणा येते.

समजा, एका ५२ वर्षांच्या महिलेवर पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि पॉलिसी तिच्या मुलाने काढलेली आहे. रुग्णालयाचे अंतिम बिल ९२,००० रुपयांचे आहे. त्यापैकी ४०,००० रुपये भरतीच्या वेळी आगाऊ आणि ५२,००० रुपये सुटीच्या दिवशी भरले. याशिवाय भरतीपूर्वी आठवडाभर आधी केलेल्या सोनोग्राफीचे १,८०० आणि रक्त तपासण्यांचे २,४०० रुपये झाले, तर बाहेरच्या औषध दुकानातून आणलेल्या औषधांचे ६,३०० रुपये झाले. एकूण दावा १,०२,५०० रुपयांचा होतो.

आता कुटुंबाने अंतिम बिल आणि ५२,००० रुपयांचीच पावती जोडली, तर बिलावर ‘आगाऊ रक्कम वजा’ असे छापलेले असूनही ४०,००० रुपयांची पावती मागितली जाऊ शकते, कारण बिल म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा नव्हे. त्यामुळे आगाऊ रकमेची प्रत्येक पावती जपावी लागते. अंतिम बिलासोबत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या यांचा बाबनिहाय तपशीलही हवा. नुसत्या एकरकमी आकड्यावर कंपनी थांबत नाही. रक्त तपासण्या डॉक्टरांनी तोंडी सांगितल्या असतील, तर त्यासाठी चिठ्ठी नसते आणि ते २,४०० रुपये धोक्यात येतात. अशा वेळी डॉक्टरांकडून त्यांनी तपासण्या सुचवल्या होत्या असे पत्र घेता येते, पण त्यावर पत्र लिहिल्याचीच तारीख असावी. मागची तारीख टाकणे हा गैरप्रकार ठरतो. बाहेरच्या औषधांच्या बिलांवर रुग्णाचे नाव आणि तारीख असावी, व औषधे वॉर्डातून लिहून दिलेल्या चिठ्ठीशी जुळावीत.

काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले जाते आणि त्याचा अहवाल बहुधा सुटी झाल्यानंतर काही दिवसांनी येतो. कुटुंब फाइल आधीच पाठवून मोकळे झालेले असते, आणि मग हाच अहवाल मागणारे पत्र येते. शस्त्रक्रियेच्या दाव्यात तो येईपर्यंत थांबावे, मात्र मुदतीचे भान ठेवावे. हृदयातील स्टेंट, डोळ्यातील भिंग किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल, तर त्या वस्तूचे बिल आणि वेष्टनावरील अनुक्रमांकाचा स्टिकरही लागतो.

वरील उदाहरणात दावा एक लाखाच्या वर गेल्याने काळ्या पैशाविरोधी नियमांनुसार मुलाची, म्हणजे प्रस्तावकाची, ओळख व पत्ता दाखवणारी कागदपत्रेही लागतात. रक्कम प्रस्तावकाच्या खात्यात जमा होत असल्याने रद्द केलेला धनादेश मुलाच्याच खात्याचा आणि त्यावर त्याचे नाव छापलेला असावा. आईच्या खात्याचा धनादेश जोडणे ही इथली नेहमीची चूक आहे.

लहान व जाळ्याबाहेरच्या रुग्णालयात उपचार झाले असल्यास त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडावी. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. नोंदणी नसेल तर पॉलिसीतील रुग्णालयाच्या व्याख्येचे किमान निकष पाहिले जातात. त्यांत दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा असणे हा एक निकष आहे. अपघाताच्या दाव्यात वैद्यकीय-कायदेशीर अहवाल व गुन्हा नोंदला असल्यास प्राथमिक माहिती अहवालही लागतो.

आरोग्य संजीवनीत मुख्य दावा आणि भरतीपूर्वीच्या ३० दिवसांचा खर्च सुटीनंतर ३० दिवसांच्या आत मागायचा असतो. सुटीनंतरच्या ६० दिवसांतील औषधे व फेरतपासण्यांचा खर्च मात्र त्या उपचारांची समाप्ती झाल्यावर १५ दिवसांत, दुसरी फाइल म्हणून पाठवता येतो. त्यासाठी आधीच्या दाव्याचा क्रमांक आणि डिस्चार्ज समरीची प्रत जोडावी. इतर पॉलिसींतील मुदती वेगळ्या असू शकतात, म्हणून स्वतःच्या पॉलिसीतील कलम वाचावे.

मूळ कागद कंपनीकडे जात असल्याने पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान, मागच्या बाजूसह, स्कॅन करून ठेवावे आणि पानांना क्रमांक द्यावेत. दुसऱ्या विमा कंपनीकडे उरलेल्या रकमेचा दावा करायचा असल्यास पहिल्या कंपनीकडून प्रमाणित प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली याचे पत्र घ्यावे लागते. विचारणा आल्यास मागितलेले कागद तेवढेच, दावा क्रमांक लिहून पाठवावेत आणि पोच घ्यावी.